जुन्या कंपनीकडून अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर कसं मागावं, म्हणजे सही लवकर होते

नवीन ऑफर स्वीकारलेली असते, जॉइनिंगची तारीख ठरलेली असते, आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाल्यांची मेल येते: मधल्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर जोडलेलं नाही, पाच दिवसांत पाठवा. ती कंपनी सोडून तीन-चार वर्षं झालेली असतात. ज्यांना ओळखत होतो ते एचआर केव्हाच दुसरीकडे गेलेले असतात आणि कंपनीचा ईमेल आयडी शेवटच्या दिवशीच बंद झालेला असतो.

मी बरीच वर्षं एचआरमध्ये आहे, त्यामुळे असे अर्ज वाचणाऱ्या बाजूला बसलेली आहे. सोडून गेलेल्या माणसाला पत्र द्यायचं नाही असं मुद्दाम ठरवलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. बहुतेक अर्ज रखडतात ते वाचणाऱ्याच्या डोक्याला काम लावतात म्हणून. 'सर, मी आपल्याकडे अकाउंट्सला होते, मला एक्सपिरियन्स लेटर अर्जंट हवंय' अशी मेल आली की आधी ही कोण ते शोधा, मग कधी आली, कधी गेली, हिशोब पुरा झाला का, लॅपटॉप परत आला का, हे सगळं चौघांना विचारा. दिवसभराच्या कामात ही मेल खाली सरकते ती सरकतेच. म्हणून हे सगळे प्रश्न तुम्हीच आधी सोडवून अर्ज पाठवायचा. समोरच्याने फक्त ताडून पाहायचं आणि सही करायची, इतकंच उरलं पाहिजे.

दोन पत्रं, दोन कामं

रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कार्यमुक्ती पत्र, एवढंच सांगतं की तुमचा राजीनामा स्वीकारला आणि अमुक तारखेला कामकाज संपताना तुम्हाला सेवेतून मोकळं केलं. नवीन कंपनीला ते हवं असतं कारण तुम्ही अजून कुणाच्या नोकरीत नाही, याची खात्री त्यातून पटते. अनुभवपत्र हे कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कोणत्या पदावर काम केलं, ते सांगतं. अनेक कंपन्या दोन्ही मजकूर एकाच पत्रात देतात आणि ते चालतं. तुम्ही मागताना मात्र दोन्हींची नावं घ्या. नुसतं 'एक्सपिरियन्स लेटर' म्हटलंत तर कार्यमुक्तीचं वाक्य नसलेलं पत्र येतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

अनुभवपत्रात कौतुक मागू नका. 'मेहनती, प्रामाणिक, टीमला सांभाळून घेणारी' असं काही लिहायचं म्हटलं की एचआरला तुमच्या जुन्या मॅनेजरला विचारावं लागतं. तो उत्तर देत नाही आणि पत्र तिथेच अडकतं. तारखा आणि पद ही नोंदवहीतली माहिती आहे, तिच्यावर कुणाची परवानगी लागत नाही. शिफारसपत्र हवंच असेल तर ते मॅनेजरकडे स्वतंत्रपणे मागा.

अर्जाआधीची अर्धी संध्याकाळ

एका ओळखीच्या मुलीचं प्रकरण सांगते, कारण त्यात नेहमीच्या सगळ्या गाठी आहेत. तिचं नेमणूक पत्र 20 ऑगस्ट 2018 चं, पण ती रुजू झाली 3 सप्टेंबर 2018 ला. राजीनामा दिला 3 मे 2021 ला. नोटीस पिरियड 60 दिवसांचा, म्हणजे 2 जुलैपर्यंत. पण मॅनेजरशी बोलून ती 18 जूनला बाहेर पडली आणि उरलेल्या 14 दिवसांची नोटीस-वसुली हिशोबातून करायची असं ठरलं. पत्र त्या वेळी आलं नाही, तिनेही पाठपुरावा केला नाही. पुढची कंपनी लहान होती, तिथे कुणी विचारलं नाही. तिसऱ्या ठिकाणी विचारलं.

तिने पहिल्या मेलचा जो मसुदा मला दाखवला त्यात '2018 ते जुलै 2021, सीनियर अकाउंटंट' असं लिहिलं होतं. दोन्ही गोष्टी चुकीच्या. मुद्दाम नाही, आठवणीवरून. म्हणून आम्ही कागद काढून बसलो.

ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर `View` मध्ये `Service History` असते. तिथे प्रत्येक कंपनीची रुजू तारीख आणि सोडल्याची तारीख दिसते. तिच्या नोंदीत रुजू तारीख बरोबर होती, पण सोडल्याची तारीख 30 जून 2021. हे बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं. पगारपत्रक महिन्याचं असतं, त्यामुळे पीएफचं काम बघणारे लोक महिनाअखेर टाकून मोकळे होतात. फॉर्म 16 मध्ये कंपनीचं पूर्ण कायदेशीर नाव आणि टॅन सापडला. हे नाव महत्त्वाचं, कारण पाटीवरचं नाव आणि नोंदणीचं नाव वेगळं असू शकतं. शेवटच्या पगार पावतीवर एम्प्लॉयी कोड होता आणि पद होतं 'एक्झिक्युटिव्ह, अकाउंट्स'. सगळे तिला सीनियर म्हणायचे, पण पावतीवर ते कुठेच नव्हतं.

पद नेहमी पावतीवरचं किंवा शेवटच्या बढतीच्या पत्रातलं लिहा. तुम्ही वेगळं पद मागितलं की एचआरला ते बदलायचा अधिकार नसतो. मग अर्ज वरच्या साहेबांकडे जातो आणि तिथे त्याला कुणी हात लावत नाही.

राजीनामा स्वीकारल्याची मेल तिच्याकडे होती, कारण निघण्यापूर्वी तिने ती स्वतःच्या खासगी आयडीवर पाठवून ठेवली होती. ही मेल म्हणजे अर्धं काम. ती नसेल तर त्या काळातला मॅनेजरचा मेसेज किंवा शेवटचा पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट शोधा. काहीही तारीख दाखवणारं चालेल.

हिशोब बाकी आहे का, हे आधी पाहा

कंपनी पत्र देत नाही त्याचं खरं कारण बहुतेक वेळा फुल अँड फायनल सेटलमेंटमध्ये असतं. फाइलवर नो ड्यूजचा शिक्का नाही, म्हणून पत्र नाही. तिने अकाउंट्समधल्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला तेव्हा कळलं की हिशोबाचा तक्ता जुलै 2021 मध्ये तिला पाठवला होता, पण कंपनीच्याच ईमेल आयडीवर, जो 18 जूनलाच बंद झाला होता. तिची सही आली नाही, म्हणून फाइल तीन वर्षं 'पेंडिंग'.

गंमत म्हणजे कंपनीला आपणच काहीतरी देणं लागतो अशी तिची समजूत होती, आणि त्या धास्तीने तिने विचारणं टाळलं होतं. प्रत्यक्षात जूनच्या 18 दिवसांचा पगार थकलेला होता, त्यातून 14 दिवसांची वसुली वजा जायची होती. दोन्ही एकाच दराने धरले तर 4 दिवसांचा पगार कंपनीच तिला देणं लागत होती, वर शिल्लक रजेचे पैसे असतील ते वेगळे.

इथे एक सल्ला देते, तो सगळ्यांना पटेलच असं नाही. पैशांची मागणी आणि पत्राची मागणी एकाच अर्जात घालू नका. पैशांचा विषय आला की अर्ज फायनान्सकडे जातो, जुन्या वर्षाचा हिशोब उघडावा लागतो, आणि पत्र त्या हिशोबाच्या मागे रांगेत उभं राहतं. अर्जात इतकंच लिहा की हिशोबाचा तक्ता पाठवल्यास सही करून देते. तक्ता हातात आला की आकडे तपासा, चूक असेल तर त्यावर बोला.

आणि उलट असेल, म्हणजे तुम्हीच देणं लागत असाल तर? मग रक्कम आणि तिचा हिशोब लेखी मागून घ्या. फोनवर सांगितलेल्या आकड्यावर पैसे पाठवू नका. भरायचे ते कंपनीच्या खात्यावर बँकेतूनच भरा, आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक त्याच मेलच्या उत्तरात टाका. लॅपटॉप, ओळखपत्र, सिमकार्ड परत केल्याची पावती असेल तर तीही जोडा.

अर्ज

अर्ज एचआरच्या अधिकृत आयडीवर जावा, पेरोल किंवा अकाउंट्सला प्रत. तुमच्या जुन्या मॅनेजरच्या व्हॉट्सअॅपवर नव्हे. तो माणूस चांगला असला तरी पत्र देणं त्याच्या हातात नसतं. मेल शक्यतो त्या खासगी आयडीवरून पाठवा जो रुजू होताना फॉर्मवर दिला होता, म्हणजे ओळख पटवायला वेगळं काही लागत नाही. कंपनीचा व्यवहार इंग्रजीत असेल तर हाच मजकूर याच क्रमाने इंग्रजीत लिहा. तिने पाठवलेला अर्ज साधारण असा होता:

> विषय: कार्यमुक्ती पत्र व अनुभवपत्र मिळणेबाबत (एम्प्लॉयी कोड ____, शेवटचा दिवस 18 जून 2021)
>
> महोदय / महोदया,
>
> मी आपल्या कंपनीत अकाउंट्स विभागात खालीलप्रमाणे कार्यरत होते.
>
> नाव (कंपनीच्या नोंदीनुसार): ____
> एम्प्लॉयी कोड: ____
> रुजू दिनांक: 3 सप्टेंबर 2018
> राजीनाम्याचा दिनांक: 3 मे 2021
> कामाचा शेवटचा दिवस: 18 जून 2021
> शेवटचे पद: एक्झिक्युटिव्ह, अकाउंट्स
>
> माझा राजीनामा स्वीकारल्याची दिनांक ____ ची मेल सोबत जोडली आहे. नोटीस कालावधीतील उर्वरित 14 दिवसांचे समायोजन अंतिम हिशोबात करण्याचे त्या वेळी ठरले होते. अंतिम हिशोबाचा तक्ता मला मिळालेला नाही. तो या ईमेलवर पाठविल्यास मी सही करून त्वरित परत करेन.
>
> मला कार्यमुक्ती पत्र व अनुभवपत्र यापूर्वी मिळालेले नाही. कृपया ही पत्रे आजच्या दिनांकाने कंपनीच्या लेटरहेडवर द्यावीत, ही विनंती. आपल्या सोयीसाठी दोन्ही पत्रांचा मसुदा जोडला आहे. त्यात आपल्या पद्धतीनुसार बदल करावेत.
>
> नवीन नोकरीतील पडताळणीसाठी ही पत्रे मला दिनांक ____ पर्यंत सादर करावयाची आहेत. स्कॅन केलेली प्रत ईमेलने मिळाली तरी चालेल.
>
> सोबत: 1) राजीनामा स्वीकृतीची मेल 2) मे 2021 ची पगार पावती 3) ओळखपत्र जमा केल्याची पावती 4) पत्रांचा मसुदा
>
> आपली विश्वासू,
> नाव, मोबाइल क्रमांक

यातल्या काही जागा मुद्दाम तशा आहेत. विषयातच एम्प्लॉयी कोड आहे, कारण एचआरची पहिली शोधाशोध त्यावर होते. 'यापूर्वी मिळालेले नाही' हे वाक्यही हवंच. पत्र मिळालं होतं आणि हरवलं असेल तर तसं सरळ लिहा आणि दुय्यम प्रत मागा. ते काम आणखी सोपं असतं, जुनी फाइल काढून छापायची फक्त.

सगळ्यात जास्त लोक अडखळतात ते 'आजच्या दिनांकाने' या शब्दांपाशी. त्यांना वाटतं पत्रावर 2021 चीच तारीख हवी, म्हणून ते मागची तारीख टाकून द्या म्हणतात. कुठलाही सावध एचआर तिथेच थांबेल. मागच्या तारखेच्या कागदावर सही करणं म्हणजे खोटा कागद करणं, आणि सही करणारा माणूस त्या तारखेला कंपनीत नसेलच तर पडताळणीत ते उघडही पडतं. पत्र आजच्या तारखेचं असावं आणि मजकुरात '18 जून 2021 रोजी कार्यमुक्त करण्यात आले' असं असावं. नवीन कंपन्यांना यात काही वावगं वाटत नाही.

आधार कार्डाची प्रत जोडायची गरज नाही. जुन्या कंपनीकडे तुमची कागदपत्रं आहेतच. ओळखीसाठी यूएएनचे शेवटचे चार आकडे पुरे.

मसुदा तुम्ही लिहून द्या

हा भाग लोक संकोचून सोडतात. आपलं पत्र आपणच कसं लिहायचं? पण मला कुणी तयार वर्ड फाइल दिली की मी नोंदी ताडते, लेटरहेडवर घेते आणि सहीला पाठवते. नाहीतर नमुना शोधण्यातच माझा दिवस जातो. मसुदा कोरडा ठेवा:

> प्रमाणित करण्यात येते की ____ (एम्प्लॉयी कोड ____) या आमच्या कंपनीत 3 सप्टेंबर 2018 ते 18 जून 2021 या कालावधीत कार्यरत होत्या. कंपनी सोडताना त्यांचे पद एक्झिक्युटिव्ह, अकाउंट्स हे होते. त्यांचा दिनांक 3 मे 2021 चा राजीनामा स्वीकारण्यात आला असून दिनांक 18 जून 2021 रोजी कामकाजाच्या वेळेअखेर त्यांना सेवेतून कार्यमुक्त करण्यात आले.

खाली सही करणाऱ्याचं नाव, पद आणि कंपनीचा फोन-ईमेल यासाठी जागा सोडा. व्हेरिफिकेशनवाले नेमके तिथेच संपर्क करतात. फोन नंबर नसलेलं पत्र शंभर टक्के खरं असलं तरी पडताळणीत लोंबकळतं.

उत्तर आलं नाही तर

सात कामाचे दिवस थांबा. मग त्याच मेलच्या साखळीत दोन ओळींची आठवण द्या. नवीन मेल सुरू केलीत तर जोडलेले कागद मागे राहतात. त्यानंतर तीन दिवसांनी फोन करा, आणि फोनवर 'पत्र कधी मिळेल' असं न विचारता 'माझा अर्ज कोणाकडे आहे, आणि तो पुढे जायला काय कमी आहे' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला 'बघतो' हे उत्तर मिळतं. दुसऱ्याला एखादं नाव किंवा एखादा कागद मिळतो. फोनवर जे ठरलं ते लगेच मेलवर लिहा: आज आपल्याशी बोलणं झालं, त्यानुसार अमुक कागद जोडत आहे.

तरीही हालचाल नसेल तर हाच अर्ज कागदावर, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, स्पीड पोस्टने पोहोच-पावतीसह पाठवा. दप्तरात आवक क्रमांक पडलेल्या कागदाला कुणीतरी उत्तर द्यावंच लागतं. वकिलाची नोटीस यानंतरची. पहिल्याच मेलमध्ये कायद्याची भाषा आली की एचआर स्वतः काही करत नाही, सगळं लीगलकडे जातं आणि तिथले आठवडे वेगळे असतात.

नोटीस न देता, न सांगता निघून गेलेल्यांची गोष्ट वेगळी. नोंदीत 'अॅबस्कॉन्डिंग' असेल तर कार्यमुक्ती पत्रासाठी हट्ट धरण्यात फारसा अर्थ नाही, कारण राजीनामा स्वीकारला असं कंपनी लिहू शकत नाही. अशा वेळी नोटीस-वसुली भरायची तयारी दाखवा आणि फक्त सेवा कालावधीचं प्रमाणपत्र मागा, म्हणजे या तारखेपासून या तारखेपर्यंत या पदावर काम केलं, इतकंच. ते द्यायला पुष्कळ कंपन्या तयार होतात. नवीन कंपनीला खरं काय ते आधीच सांगा. पडताळणीत त्यांना ते दुसऱ्याकडून कळणं जास्त महागात पडतं.

कंपनीच उरली नसेल तर कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीची मास्टर डेटा नोंद पाहा. दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल तर अर्ज त्या कंपनीच्या एचआरला करा, जुनी दप्तरं तिच्याकडे गेलेली असतात. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत असेल तर नेमलेल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलला, आणि लिक्विडेशन सुरू झालं असेल तर लिक्विडेटरला लिहा. नाव पूर्णच खोडलं गेलं असेल तर पत्र मिळणं अवघड. मग नेमणूक पत्र, पगार पावत्या, फॉर्म 16 आणि पीएफची सर्व्हिस हिस्टरी असा गठ्ठा नवीन कंपनीला द्या, सोबत कंपनी बंद झाल्याची ती नोंद. हा गठ्ठा स्वीकारलेला मी स्वतः पाहिलाय.

पत्र आल्यावर

तिला पत्र अर्ज केल्यापासून बाराव्या दिवशी आलं. आधी हिशोबाचा तक्ता आला, तिने सही करून पाठवला, मग पत्र. पण आल्या आल्या पुढे पाठवू नका, आधी सावकाश वाचा. नावाचं स्पेलिंग पॅन कार्डशी जुळतंय का, दोन्ही तारखा बरोबर आहेत का, पद पावतीवरचंच आहे का. तिच्या पत्रात रुजू तारीख 20 ऑगस्ट 2018 पडली होती, नेमणूक पत्राची. कुणीतरी मसुद्याऐवजी जुनी फाइल उघडून तारीख घेतली होती. त्याच दिवशी कळवलं म्हणून दुसऱ्या दिवशी दुरुस्त प्रत आली.

राहिली ती पीएफमधली 30 जूनची तारीख. पत्रात 18 जून आणि पीएफमध्ये 30 जून, म्हणजे पडताळणीत 'तफावत' असा शेरा येणार. तिने पत्र पाठवतानाच दोन ओळींत खुलासा केला की पीएफमधली तारीख महिनाअखेरची नोंद आहे, शेवटचा दिवस पत्राप्रमाणे 18 जून, आणि सोबत राजीनामा स्वीकारल्याची मेल जोडली. विषय तिथेच संपला. नोंद दुरुस्तच करायची तर पोर्टलवर जॉइंट डिक्लेरेशनची सोय आहे, पण त्याला वेळ लागतो. जॉइनिंग त्यावर अडवून ठेवू नका. ज्यांच्या पीएफमध्ये सोडल्याची तारीख कंपनीने टाकलेलीच नाही, त्यांना ती स्वतः टाकता येते: शेवटच्या जमा रकमेनंतर दोन महिने उलटले की `Manage` मध्ये `Mark Exit`. ती टाकताना पत्रातली तारीख समोर ठेवा, आठवणीतली नको.